गोंदवण्याआधी पेनाने हातावर चौकटी आखा

गोंदवून घ्यायचं ठरलं की आजकाल बहुतेक जण आधी हाताचा फोटो काढतात आणि मोबाइलवर त्यावर डिझाइन चिकटवून बघतात. सवय चांगली आहे. पण चिकटवलेलं डिझाइन वहीवरच्या स्टिकरसारखं सपाट दिसतं, आणि हात काही वही नाही. माझ्या भाच्याला मुलीचं नाव, ‘आराध्या’, कोपराखाली हातावर आडवं गोंदवायचं होतं. त्याचं उदाहरण घेऊन सांगतो.

आधी फोटो. सेल्फीचा कॅमेरा नको, कारण त्यात अक्षरं उलटी होऊ शकतात. कुणाला तरी दीड-दोन मीटर लांब उभं करून, थोडं झूम करून, खिडकीच्या उजेडात मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा. फ्लॅश बंद ठेवा. फार जवळून काढलेल्या फोटोत हाताचा मधला भाग फुगून दिसतो.

आता खरी युक्ती. जिथे गोंदवायचं आहे तिथे पाण्याने पुसल्या जाणाऱ्या पेनाने एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखा. शिंप्याची टेप हाताला गुंडाळून मोजा, सरळ पट्टी नको. चौकटींसकट एक फोटो काढा, मग हात न हलवता ओल्या कपड्याने रेघा पुसून दुसरा काढा.

भाच्याच्या हाताचा घेर तिथे २६ सेंटिमीटर, आणि नावाची रुंदी ८ सेंटिमीटर ठरलेली. फोटोत त्या आठ चौकटी मिळून जेमतेम ६.८ सेंटिमीटरच्या दिसल्या. मधली चौकट जवळजवळ पूर्ण, पण कडेची जेमतेम दोन तृतीयांश. हात गोल असल्यामुळे कडेचा भाग कॅमेऱ्यापासून मागे वळतो. सपाट चिकटवताना सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची दिसत होती. प्रत्यक्षात समोरून बघणाऱ्याला पहिला ‘आ’ आणि शेवटचा ‘ध्या’ दबलेले दिसणार होते.

फोटोपिया या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये पुढचं काम होतं. डिझाइनवरही तशाच आठ चौकटी आखा. `Edit > Transform > Warp` घेऊन डिझाइनच्या रेघा हातावरच्या रेघांवर बसेपर्यंत ओढा. मग डिझाइनवरच्या चौकटी काढून टाका आणि खाली पुसलेल्या हाताचा फोटो ठेवा. गणित काहीच करावं लागत नाही. हाताची गोलाई पेनाच्या रेघांनी आधीच मोजलेली असते.

आता शाई. थराचा मोड `Normal` वरून `Multiply` करा. पांढरी पार्श्वभूमी नाहीशी होते आणि त्वचेचा रंग शाईतून दिसू लागतो. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली असते, म्हणून हे चित्र खऱ्याच्या जास्त जवळ जातं. गडद काळा थोडा राखाडी करा, कारण बरी झालेली शाई नव्याइतकी काळी राहत नाही. भाच्याला नावाखाली पिवळं फूल हवं होतं. त्याच्या सावळ्या हातावर `Multiply` केल्यावर ते मातकट तपकिरी झालं. प्रोग्रॅमचा हिशोब ढोबळ असतो हे खरं, पण फिके रंग सावळ्या त्वचेवर दबतात, ही सूचना बरोबर होती. फूल रद्द झालं.

शेवटची कसोटी देवनागरीची आहे. शाई वर्षानुवर्षं थोडी पसरते. डिझाइनवर `Gaussian Blur` देऊन, साधारण अर्धा मिलिमीटर पसरल्यासारखं, पाहा. पिक्सेल किती ते चौकटीवरून कळतं: मधली एक सेंटिमीटरची चौकट ८० पिक्सेलची असेल, तर अर्धा मिलिमीटर म्हणजे ४ पिक्सेल. भाच्याच्या नावात ‘ध’ची वरची फट बुजली आणि वाचायला आलं ‘आराघ्या’! ‘भ’ आणि ‘म’चंही असंच होतं. फट मोठी ठेवा, नाहीतर अक्षरं मोठी करा.

एक गोष्ट मात्र एका फोटोत कळत नाही. तळहात वर करून मग खाली फिरवा. मनगटाजवळची त्वचा जवळजवळ अर्धी फिरते, कोपराजवळची फारशी नाही. एका स्थितीत सरळ दिसणारी रेघ दुसऱ्या स्थितीत पिळवटते. म्हणून चौकटींचे फोटो दोन्ही स्थितींत काढा आणि हात सैल सोडल्यावर डिझाइन कसं दिसतं त्यावरून ठरवा.

हे सगळं झालं की डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापा, कापून हातावर चिकटवा आणि दिवसभर वावरा. भाच्याने तसं केलं आणि संध्याकाळी नाव आडव्याऐवजी हाताच्या लांबीला उभं घेतलं. त्या दिशेला हात गोल नाही, त्यामुळे ‘आ’ आणि ‘ध्या’ सारखेच रुंद दिसतात.