भिंतीवरचा गुमास्ता आणि काउंटरमागचा

दुकानात देवाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेला एक कागद तुम्ही पाहिला असेल. बाजारात त्याला ‘गुमास्ता’ म्हणतात. गुमास्ता म्हणजे खरं तर दुकानातला नोकर. त्याचे तास आणि सुट्टी ठरवणाऱ्या कायद्याचा तो कागद. पण हिंगोली-वसमतच्या बाजारात त्याच कागदाखाली उभ्या असलेल्या पोराला विचारा, सुट्टी कधी असते? तो नुसता हसेल.

समजा, तुमचाच एक मित्र कापड दुकानात लागलाय. सकाळी साडेनऊला शटर वर, रात्री नऊला खाली. मधे अर्धा तास डबा. म्हणजे रोज 11 तास, आठवड्याला 77. पगार 8 हजार धरला तर ताशी जेमतेम 24 रुपये पडतात. वर गिऱ्हाईक साडी न घेता उठलं की शेठचा राग निघतो तो यानं घडी नीट केली नाही म्हणून, तोही चारचौघांत.

कायदा काय म्हणतो? आठवड्याला 48 तास आणि एक पूर्ण सुट्टी. पण 2017 च्या नव्या दुकान कायद्यानं हे नियम 10 किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांपुरतेच ठेवले. 2025 मध्ये तर ही मर्यादा 20 वर न्यायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. आपल्या बाजारात 20 नोकरांची दुकानं किती, तुम्हीच मोजा.

शेठ राक्षस असतो असं नाही. तोही सातही दिवस गल्ल्यावर बसतो, कारण शेजारचं दुकान उघडं असतं. 1948 च्या जुन्या कायद्यात दुकानच आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. सगळेच बंद, म्हणून कुणाचं गिऱ्हाईक तुटत नसे. ती सक्ती गेली आणि सुट्टी शेठच्या मर्जीवर आली. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पगारी सुट्टी नोकरांची डोकी मोजून देऊ नका. दुकानात एकच नोकर असला, तरी आठवड्याचा एक दिवस त्याचा असलाच पाहिजे.

तोवर काय? किमान वेतनाच्या कायद्याला डोक्यांची अट नाही, तो एका नोकरालाही लागू होतो. अडचण पुराव्याची आहे. पगार रोख आणि हातात कागद काहीच नाही. म्हणून मित्राला एक वही द्या. रोज आल्या-गेल्याची वेळ आणि मिळालेला पगार तारखेसह लिहायला सांगा. जमलं तर पगार खात्यावर घ्यायला सांगा. तक्रार केली तर नोकरी जाईल ही भीती खरी आहे, वही ती घालवणार नाही. पण उद्या त्यानं नोकरी सोडली आणि थकलेला पगार मागायला कामगार कार्यालयात गेला, तर तिथं तोंडी हिशेबापेक्षा ही वही जास्त बोलेल.