नाव काढले म्हणजे ओळख पुसली जाते का?

काही वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या एका सभेत मी लेप्टोस्पायरोसिस झालेल्या एका बाईंची केस स्लाइडवर दाखवली. नाव काढले होते. तरी चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने विचारले, "या आमच्या शेजारच्या गावातल्या ना?" स्लाइडवर वय, तालुका, दाखल झाल्याची तारीख आणि गावातले त्यांचे पद होते. ओळख पटायला तेवढे पुरेसे होते. चूक माझी होती.

मग काय काढायचे? मी एकच प्रश्न विचारतो: हे काढले तर आजार समजायला अडचण येईल का? लेप्टोचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून भातलावणी, चिखलात अनवाणी उभे राहणे, पायाची जखम आणि पावसाळा हे ठेवायलाच हवे. पद आणि तालुका नको. नेमक्या वयाऐवजी 'चाळिशीतील' चालते. तारखेऐवजी 'तापाचा पाचवा दिवस' लिहावे, कारण आधी ताप व पोटऱ्यांचे दुखणे, मग कावीळ आणि लघवी कमी होणे, हा क्रम महत्त्वाचा असतो.

ओळख लपवण्यासाठी काही जण माहितीच बदलतात, शेतकऱ्याला शिक्षक करतात. हे मला मान्य नाही. ती केस वाचणारा नवा डॉक्टर पुढच्या रुग्णाला शेताबद्दल विचारायचाच नाही. तपशील गाळावा, खोटा लिहू नये.

फोटोंचेही तसेच. डोळ्यांवर काळी पट्टी ओढून चेहरा लपत नाही. पायाच्या जखमेच्या फोटोत गोंदण दिसते, सोनोग्राफीच्या कोपऱ्यात नाव असते. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग बहुधा फाइलमध्येच राहतो. तो वेगळा डिलीट करावा लागतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार ओळख उघड होत नसेल, तर केस छापायला रुग्णाची संमती लागत नाही. पण ओळख उघड होते की नाही, हे ठरवणार कोण? मला जे दिसले नाही, ते शेजारच्या गावाला दिसले. म्हणून माझ्या मते प्रत्येक वेळी विचारावे. उपचारांसाठी केलेली सही यासाठी धरू नये. रुग्ण बरा झाल्यावर, त्याच्या भाषेत, लिहिलेले वाचून दाखवून वेगळी सही घ्यावी. नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही आणि एकदा इंटरनेटवर गेलेले परत घेता येत नाही, हेही सांगावे.

त्या बाईंना मी झालेली चूक सांगितली आणि हा लेख वाचून दाखवला. त्यांनी एक वाक्य काढायला सांगितले. मला ते निरुपद्रवी वाटले होते. ते काढले, आणि आजार समजायला काहीच कमी पडले नाही.