पैसे कमी आले? मेसेज टाकण्याआधी बघा, ते कापले कुठे

भंडारदऱ्याला काजव्यांच्या सीझनला आता परदेशातली मराठी मंडळीही बुकिंग करतात. समजा, तुमचा टेंट कॅम्प आहे. अमेरिकेतल्या एका ताईंनी 12 जणांसाठी 900 डॉलरचं बुकिंग केलं. 600 ॲडव्हान्स, 300 येण्याआधी. त्यांनी 600 पाठवले, तुमच्या बँकेत पोचले 578. मग आपण काय लिहितो?

«मॅडम, 600 ठरले होते. पेमेंट कमी आलंय. बाकीचे लवकर पाठवा.»

माझं स्पष्ट मत आहे, हा मेसेज चुकीचा आहे. ताईंच्या खात्यातून पूर्ण 600 गेलेत, म्हणजे त्यांना वाटणार आपण त्यांच्यावर संशय घेतोय.

आधी बँकेकडून इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस मागवा. पाठवलेली आणि पोचलेली रक्कम त्यावर ताडून बघा. मधल्या बँकेने 22 डॉलर कापले असतील, तर विनंती तेवढ्याचीच करा. तुमच्या बँकेने डॉलरचे रुपये करताना लावलेला चार्ज, त्यावरचा जीएसटी आणि कमी मिळालेला रेट, हे तुमचे. ते गिऱ्हाइकावर टाकू नका.

पाठवताना चार्जचा पर्याय निवडतात. SHA म्हणजे पाठवणाऱ्याच्या बँकेचा चार्ज त्याचा, पुढचा घेणाऱ्याचा. BEN म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. OUR म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा. तुम्ही कोटेशनमध्ये काहीच लिहिलं नसेल आणि त्यांनी SHA निवडलं असेल, तर त्यांचं काही चुकलेलं नाही. म्हणून भाषा हक्काची नको, विनंतीची हवी.

आणि एक गोष्ट. 22 डॉलर वेगळे मागवू नका! पुन्हा चार्ज लागेल, हातात जेमतेम काही उरेल. पुढच्या हप्त्यात जोडा. आता मेसेज असा होतो:

«नमस्कार ताई, तुमचे 600 डॉलर निघाले, धन्यवाद. मधल्या बँकेने 22 कापल्यामुळे आमच्याकडे 578 जमा झाले. बँकेचा कागद सोबत जोडला आहे. चार्ज कोणी भरायचा हे आम्ही आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला चालणार असेल तर उरलेल्या 300 मध्ये हे 22 धरून 322 पाठवाल का? पाठवताना OUR निवडलंत तर पुन्हा कपात होण्याची शक्यता कमी. तुमचं बुकिंग पक्कं आहे, काळजी नसावी.»

यात आकडा आहे, पुरावा आहे, आणि ताईंना नाही म्हणायला जागाही आहे. त्या नाही म्हणाल्या, तर 22 डॉलर सोडून द्या. एवढ्यासाठी 12 जणांचं बुकिंग नासवू नये.

OUR निवडूनही कधीकधी मध्ये कपात होते. तसं झालं तर ताईंना त्यांच्या बँकेत विचारायला सांगा, कारण चार्ज त्यांनी आधीच भरलेला असतो.

पुढच्या कोटेशनमध्ये मात्र एक ओळ टाकाच: «आमच्या बँकेत पूर्ण रक्कम पोचावी, मधल्या बँकांचा चार्ज पाठवणाऱ्याकडे.» ही ओळ आधी असली, तर नंतर मागायला संकोच वाटत नाही.

तुमच्या कोटेशनमध्ये ही ओळ आहे का? आजच उघडून बघा.