घरातील शास्त्र : फ्लशच्या टाकीला घाम का येतो?

श्रावण लागला की शौचगृहातील फ्लशची टाकी बाहेरून ओली होते आणि तिच्या बुडाशी थेंब गोळा होऊन फरशीवर पडू लागतात. जालना शहरातील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात यंदा असेच झाले. घरात माणसे अकरा. त्यांत ७८ वर्षांच्या आजी पहाटे अंधारात उठणाऱ्या. एकदा त्यांचा पाय घसरला, पण दार हाती आल्यामुळे थोडक्यात निभावले. नळकाम करणाऱ्याने टाकी फुटली असे सांगून नवी बसविण्याचा सल्ला दिला. आजींना मात्र ते पाणी ओवळे म्हणून दुहेरी त्रास. प्रत्यक्षात टाकी धड होती आणि ते पाणी टाकीतले नव्हतेच.

मग ते आले कोठून? हवेतून. हवेत वाफ किती सामावेल हे तिच्या उष्णतेवर अवलंबून असते. हवा थंड वस्तूला लागून एका ठराविक अंशाखाली निवली की जास्तीची वाफ पाणी होऊन त्या वस्तूवर बसते. या अंशाला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात खोलीची हवा २८ अंश आणि आर्द्रता शेकडा ८० असली तर दवबिंदू सुमारे २४ अंश येतो. या घरी जमिनीतील हौदाचे पाणी २५ अंश भरले. म्हणजे एरवी टाकी कोरडी राहावयास हवी. परंतु स्नानगृह आणि शौचगृह एकाच खोलीत, आणि सकाळी ओळीने अकरा जणांची ऊन पाण्याची स्नाने! खिडकी बंद असता हवा २९ अंश व आर्द्रता शेकडा ९५ झाली की दवबिंदू २८ अंशांवर जातो. मग २५ अंशांच्या टाकीला घाम फुटणारच.

तथापि घाम की गळती, हे अनुमानाने ठरवू नये. त्यासाठी टाकीतीलच पाणी एका तांब्यात भरावे, तांब्या बाहेरून कोरडा पुसावा आणि टाकीशेजारी ठेवावा. पंधरा मिनिटांत तोही ओलावला तर दोष हवेचा. तांब्या कोरडा आणि फरशी ओली असेल तर गळती शोधावी. त्याकरिता कपड्यांची नीळ टाकीत चिमूटभर कालवावी आणि अर्धा तास कोणी फ्लश ओढू नये. घामाला रंग नसतो. फरशीवर निळा थेंब पडला तर टाकीचा सांधा किंवा तळचा नट गळतो असे समजावे.

या घरी फरशीवरचे थेंब स्वच्छ निघाले, पण भांड्यात निळी धार दिसली. टाकीच्या तळाचे रबर झिजून पाणी आतल्या आत वाहत होते. हेच खरे इंगित होते. स्वस्थ राहिलेले पाणी हळूहळू खोलीइतके ऊन होते आणि घाम थांबतो. पण झिरपणाऱ्या टाकीत हौदाचे थंड पाणी अखंड येत राहते, म्हणून ती दिवसभर घामेजते. रबर बदलताच दुपारचे थेंब बंद झाले.

राहिला सकाळचा घाम. स्नाने चालू असता खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर फेकणारा पंखा लावला आणि शेवटच्या स्नानानंतरही तो अर्धा तास चालू ठेवला. पुष्कळ फरक पडला. एवढ्याने न भागल्यास टाकीला आतून अस्तर लावावे. टाकी रिकामी करून पूर्ण कोरडी करावी. पाणी न शोषणाऱ्या फोमचे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे भिंतींना व तळाला सिलिकोनने चिकटवावेत आणि एक दिवस वाळू द्यावे. थर्मोकोल वापरल्यास द्रावकयुक्त डिंक लावू नये. तो थर्मोकोल विरघळवतो. तरंगता गोळा, दांडा व तळाचे छिद्र मोकळे राहिले पाहिजेत. टाकी लहान असून गोळा भिंतीला घासणार असेल तर अस्तराच्या भरीस पडू नये. टाकीखाली थाळी ठेवावी.

कित्येक घरी टाकीला बाहेरून गोणपाट किंवा जुने लुगडे गुंडाळतात. त्यातून वाफ आत शिरतेच. कापड भिजते, कुजते आणि थेंब पूर्ववत् पडतात.

आजींना आम्ही तांब्याचा प्रयोग दाखविला. पितळेच्या स्वच्छ तांब्यावर दव धरलेले पाहून त्या म्हणाल्या, "म्हणजे हे आकाशातलेच पाणी की!" ओवळ्याची शंका तेवढ्यावर मिटली, फरशी पुसून घेण्याची ताकीद मात्र त्यांनी सुनांना कायम ठेवली आहे, आणि ती योग्यच होय.