विश्लेषण : ‘काळे राळे, गोरे राळे’ म्हणताना जीभ नेमकी कुठे अडखळते?

दुसरीच्या वर्गात श्रुतलेखन सुरू आहे. बाई म्हणतात, ‘झाडाचे मूळ’. एक मूल लिहिते, ‘झाडाचे मूल’. वहीवर लाल खूण होते आणि शब्द पाच वेळा लिहून आणायला सांगितला जातो. मुलाला ‘ळ’ हे अक्षर गिरवता येते. तरीही पुढच्या आठवड्यात ‘माळ’चा ‘माल’ होतो, कारण ही चूक हाताची नसून कानाची किंवा जिभेची असू शकते.

‘ल’ आणि ‘ळ’ यांत फरक काय?

‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. ‘ळ’ म्हणताना ते मागे वळते, टाळूला लागते आणि झटकन पुढे सुटते. हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाच्या कानावर ‘ळ’ फारसा पडलेला नसतो. आगरी बोलीत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, तर अहिराणीत आणि वऱ्हाडीत ‘डोया’. ही त्या बोलींची रीत आहे, वाणीतला दोष नाही. मुलाने घरची बोली सोडायची नसते. पुस्तकातल्या भाषेसाठी आणखी एक ध्वनी ओळखायचा असतो.

आधी कान कसा तपासायचा?

मूल आणि मूळ, माल आणि माळ, गाल आणि गाळ अशा जोड्यांची चित्रे काढावीत. एका वेळी एकच जोडी घ्यावी. शिक्षकाने तोंडापुढे कागद धरावा, म्हणजे ओठ आणि जीभ पाहून अंदाज बांधता येणार नाही. दहा वेळा शब्द उच्चारावा आणि मुलाने त्या त्या चित्रावर बोट ठेवावे. शब्द आलटूनपालटून घेतले, तर मुले क्रम ओळखतात. म्हणून मध्येच एकच शब्द सलग दोन-तीनदा यावा. नुसत्या अंदाजानेही दहापैकी पाचच्या आसपास उत्तरे बरोबर येतात. त्यामुळे नऊ-दहा बरोबर आली, तरच कान तयार आहे असे समजावे.

मग अदलाबदल करावी. मुलाने शब्द म्हणायचा आणि सोबत्याने चित्र दाखवायचे. ‘मूळ’ म्हणूनही सोबत्याचे बोट बाळावर गेले, तर आपला उच्चार कुठे घसरला हे मुलाला कोणी न रागावता कळते. ऐकताना बरोबर पण बोलताना चूक, असे असेल तर सराव जिभेचा हवा. ऐकतानाच गोंधळ असेल, तर वाक्य घोकून घेण्यात अर्थ नाही. इतर अनेक शब्दांतही असाच गोंधळ होत असेल, किंवा मूल वारंवार ‘काय?’ विचारत असेल, तर श्रवणाची तपासणी करून घ्यावी.

जीभ कुठे अडते?

‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे जुने वाक्य इथे उपयोगी पडते. आधी मूठभर राळे मुलांना दाखवावेत. हे बारीक धान्य अनेकांनी पाहिलेलेही नसते. वाक्यात ‘र’ आणि ‘ळ’ एकमेकांमागे येतात, पण खरी परीक्षा शेवटच्या शब्दात आहे. ‘मिसळले’ बोलताना ‘ळ’मधला ‘अ’ गळतो, त्यामुळे टाळूला लागलेली जीभ मध्ये उसंत न घेता दातांमागे आणावी लागते. घाईत त्याचे ‘मिसल्ले’ किंवा ‘मिसळ्ळे’ होते.

म्हणून हा शब्द आधी ‘मि – सळ् – ले’ असा टाळीवर तोडून घ्यावा. मग तीन टाळ्या सलग, मग पूर्ण वाक्य सावकाश, आणि त्यानंतरच वेग. ज्या वेगाला ‘ळ’ हरवतो, त्याच्या एक पायरी खाली थांबून वाक्य तीनदा म्हणावे. ‘र’ काही मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत नीट जमत नाही. त्यांना हसू नये, ‘ळ’ साधला की पुरे मानावे.

वर्गात काय चुकते?

बहुतेक ठिकाणी असे वाक्य सगळा वर्ग एका सुरात म्हणतो आणि जो सर्वांत भरभर म्हणेल, त्याला शाबासकी मिळते. चाळीस आवाजांत एकाचा ‘ल’ बुडून जातो आणि वेगाच्या बक्षिसापायी ध्वनी गिळायची सवय लागते. तीन-तीन मुलांचे गट केले, तर एकाने म्हणायचे, दुसऱ्याने ‘ळ’ आला की बोट वर करायचे आणि तिसऱ्याने मोजायचे. या वाक्यात ‘ळ’ सहा वेळा येतो. मोजणाऱ्याचे पाच भरले, तर एक कुठे हरवला ते गटानेच शोधावे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानंतर मूल मिनिटाला किती शब्द वाचते, याकडे शाळांचे लक्ष गेले. ती मोजणी असू द्या. पण ज्या मुलाच्या कानाला ‘मूल’ आणि ‘मूळ’ एकच वाटतात, त्याला वहीत पाच वेळा ‘मूळ’ लिहायला लावण्यापूर्वी कागदाआडून दहा शब्द ऐकवायला हवेत. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.