तरंगपुंज पसरतो, संवेग पसरत नाही

मुक्त कणाचा तरंगपुंज काळानुसार पसरतो, हे आपण पदवीच्या वर्गात गाउसी समाकल सोडवून दाखवतो आणि तास संपतो. मग कण पसरला म्हणजे त्याच्या संवेगातली अनिश्चितताही वाढली, असा समज घेऊन मुले बाहेर पडतात. तो मोडायलाच हवा. मुक्त कणावर बल नाही, त्यामुळे संवेगाचे वितरण पहिल्या क्षणी असते तसेच शेवटपर्यंत राहते.

100 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन घ्या आणि σ₀ ही सुरुवातीची रुंदी 1 नॅनोमीटर धरा. समूहवेग सेकंदाला सुमारे 5.9×10⁶ मीटर येतो. वेगातली अनिश्चितता Δv = ħ/2mσ₀, म्हणजे सेकंदाला 5.8×10⁴ मीटर, जवळपास एक टक्का. मीटरभर अंतर गेल्यावर रुंदी त्या अंतराच्या एक टक्का, एक सेंटिमीटर होते. समाकलाचे उत्तरही तेच सांगते: σ² = σ₀² + (Δv·t)². इथे वर्गांची बेरीज आहे, म्हणून सुरुवातीला रुंदी फारशी हलत नाही. इलेक्ट्रॉन सुमारे 100 नॅनोमीटर पुढे जातो तेव्हा कुठे ती 1.4 पट होते.

समूहवेग dω/dk = ħk/m, आणि कलावेग त्याच्या निम्मा. त्यामुळे पुंजातले शिखर पुढच्या टोकाला जन्मते आणि मागे सरकत विरते. ऊर्जेत स्थिरवस्तुमानाची mc² मिळवली तर कलावेग एकदम c²/v होतो, प्रकाशापेक्षाही जास्त. समूहवेग जागचा हलत नाही. कणाबरोबर जो वेग जोडायचा तो म्हणूनच समूहवेग.

फळ्यावरची आकृती तपासायची खूण सोपी आहे. वेगवान घटक पुढे गेलेले असतात, म्हणून पसरलेल्या पुंजात पुढच्या लहरी आखूड आणि मागच्या लांब दिसल्या पाहिजेत. नुसती रुंदी वाढवून लहरी सारख्याच काढलेल्या असतील, तर ती आकृती चुकलेली आहे.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत हेच गणित रोज वापरात असते. आंतरतारकीय प्लाझ्मात ω² = ωₚ² + c²k². ωₚ च्या जागी mc²/ħ लिहिले की हाच संबंध सापेक्ष कणाचा होतो. स्पंदकाच्या कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोचतात. हा उशीर गणिताने काढून टाकला की पसरलेला स्पंद पुन्हा अरुंद होतो.

इलेक्ट्रॉनच्या बाबतीतही असे करता येते. सुरुवातीलाच आखूड लहरी मागे आणि लांब लहरी पुढे ठेवल्या, तर पुंज आधी आकसतो आणि नंतर पसरतो. पुढच्या चाचणीत हा प्रश्न द्या: किमान रुंदी किती, आणि ती कधी येते?