‘म्हणे’ किती दूरवर ठेवायचं?

मागच्या अंकासाठी एका इंग्रजी बातमीचा अनुवाद तपासत होतो. मूळ वाक्याचा अर्थ असा, की मोहल्ल्यातल्या एका मुलाने दुकानाचं कुलूप तोडलं, असं सांगितलं जातं. अनुवादात आलं, ‘त्याने कुलूप तोडलं.’ एवढ्याने आपणच साक्षीदार झालो.

मी आधी ‘तोडलं म्हणे’ केलं. पण ‘म्हणे’ नुसतं ऐकीव सांगत नाही. त्यात ‘मला काही पटत नाही’ असा सूरही येतो, आणि तक्रार करणारा दुकानदार खोटा ठरल्यासारखा वाटतो. ‘तोडल्याचं समजतं’ दुसऱ्या बाजूला झुकतं, बातमी जवळजवळ खरीच वाटते. ‘तोडलेलं दिसतं’ तेव्हाच लिहावं, जेव्हा खुणा पाहून अंदाज बांधलेला असतो. शेवटी ‘तोडल्याचं सांगितलं जातं’ ठेवलं. कोण सांगतं हे बातमीत खाली होतं, म्हणून तेही वर आणलं: ‘तोडल्याचा दुकानदाराचा आरोप आहे.’

शीर्षकात ‘कथित आरोपी’ होतं, तेही काढलं. मुलगा आरोपी आहे हे नक्की आहे. कथित आहे ती चोरी.

दोस्तांनो, फॉरवर्ड करण्याआधी क्रियापद एकदा वाचा.